रिव्ह्यूअर चुकला असेल तर त्याला उत्तर कसं लिहायचं?

जर्नलला पाठवलेल्या पेपरवर रिव्ह्यूअरने काढलेल्या शेऱ्यांना दिलेलं उत्तर आधी जर्नलचा एडिटर वाचतो, रिव्ह्यूअर नंतर. ते पुन्हा रिव्ह्यूअरकडे पाठवायचं की तिथेच निर्णय घ्यायचा, हे तोच ठरवतो. तो तुमच्या विषयातला असेलच असं नाही, आणि संख्याशास्त्राच्या बारकाव्यात तर बहुधा नसतोच. त्याच्यासमोर रिव्ह्यूअरचा शेरा आणि त्याखालचं तुमचं उत्तर एवढंच असतं. म्हणून रिव्ह्यूअर चुकलेला असतो तिथे पटवायचं असतं एडिटरला, आणि तेही रिव्ह्यूअर शेजारी बसून ऐकतो आहे असं धरून. त्याला मान खाली न घालता 'ठीक आहे' म्हणता यावं, एवढी जागा उत्तरात ठेवावी लागते.

हे सगळं एकाच उदाहरणावर बघू. उदाहरण आणि त्यातले आकडे बेतलेले आहेत, पण शेरे अगदी नेहमीचे आहेत. समजा, रक्तक्षय असलेल्या १२० तरुणींवर एक ट्रायल केली. ६० जणींना लोहाची गोळी रोज दिली, ६० जणींना एक दिवसाआड. आठ आठवड्यांनी हिमोग्लोबिन मोजलं. शेवटपर्यंत रोजच्या गटातल्या ५४ आणि दिवसाआडच्या गटातल्या ५५ जणी टिकल्या. दोन गटांतला फरक निघाला ०.१० ग्रॅम प्रति डेसीलिटर, रोजच्या गोळीच्या बाजूने. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल −०.३२ ते ०.५२, पी-व्हॅल्यू ०.६४. पेपरच्या निष्कर्षात लिहिलं, 'दोन्ही पद्धती सारख्याच परिणामकारक आहेत.' मेजर रिव्हिजन आली, दोन रिव्ह्यूअर, मुदत साठ दिवस.

आधी शेरे फोडा

निर्णयाची ईमेल आली की पहिल्या दिवशी फक्त वाचा आणि सहलेखकांना पाठवा. दुसऱ्या बैठकीत एक नवी फाइल उघडून सगळे शेरे जसेच्या तसे त्यात उतरवा. एडिटरने स्वतःचे मुद्दे लिहिले असतील, तर ते सर्वांत वर. रिव्ह्यूअरचं एकही वाक्य गाळू नका, दुरुस्त करू नका, अगदी त्यातली स्पेलिंगची चूकसुद्धा. शेरा संक्षिप्त करून लिहिला की अडचणीचा भाग मुद्दाम वगळला अशी शंका येते, आणि एकदा ती आली की बाकीची उत्तरंही त्याच नजरेने वाचली जातात.

मग क्रमांक द्या. पहिल्या रिव्ह्यूअरचा पहिला मुद्दा १.१, दुसऱ्याचा तिसरा २.३, असे. रिव्ह्यूअर बऱ्याचदा एकाच परिच्छेदात तीन मागण्या करून जातात, त्या २.३अ, २.३ब अशा वेगळ्या काढा. उत्तरं परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे तीनपैकी दोन मागण्यांनाच उत्तर दिलेलं असतं आणि तिसरी नजरेतून सुटलेली असते.

प्रत्येक क्रमांकाखाली उत्तराचे दोन भाग ठेवा. पहिल्यात काय केलं आणि का. दुसऱ्यात मॅन्युस्क्रिप्टमधला बदललेला मजकूर अवतरणात, पान आणि ओळ क्रमांकासह. 'सुचवल्याप्रमाणे बदल केला आहे' एवढंच लिहिलं की एडिटरला मूळ फाइल उघडून शोधावं लागतं. बदललेलं वाक्य उत्तरातच दिसलं, तर तो तिथल्या तिथे पुढे जातो.

ओळ क्रमांक मात्र अगदी शेवटच्या दिवशी भरा. वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस दिसत असताना ओळी वेगळ्या मोडतात आणि स्वच्छ प्रतीत वेगळ्या, त्यामुळे क्रमांक कुठल्या फाइलचे आहेत तेही पत्राच्या सुरुवातीला एका वाक्यात सांगा. जर्नलची सिस्टीम स्वतः पीडीएफ बनवत असेल, तर सबमिट करण्याआधी ती उघडून दोन-तीन ठिकाणं ताडून बघा.

लिहिण्याआधी आकडेमोड

उत्तरं क्रमाने लिहायला बसू नका. नवं विश्लेषण मागणारे शेरे आधी घ्या, कारण त्यातून एखादा आकडा बदलला की तो तक्त्यात, रिझल्ट्समध्ये, ॲबस्ट्रॅक्टमध्ये आणि डिस्कशनमध्येही बदलतो.

आपल्या उदाहरणात पहिल्या रिव्ह्यूअरने विचारलं आहे, 'अकरा मुली मधूनच का गेल्या, आणि त्यांना वगळल्याने निकाल बदलला असेल का?' हा शेरा शंभर टक्के बरोबर आहे. तिथे बाजू मांडत बसू नये, काम करावं. कोण कुठल्या टप्प्यावर आणि का गळालं ते फ्लो डायग्राममध्ये टाकायचं, मल्टिपल इम्प्युटेशन करून सर्व १२० जणींवर विश्लेषण पुन्हा चालवायचं आणि निकाल सांगायचा: फरक ०.१२, इंटरव्हल −०.३० ते ०.५४, म्हणजे चित्र तेच. उत्तर चार ओळींचं. बरोबर शेऱ्याला लांबलचक आभार मानायचे नसतात. एक 'धन्यवाद' आणि केलेलं काम पुरे. आभारांचा परिच्छेद प्रत्येक उत्तराच्या डोक्यावर चिकटवला, की पाचव्या उत्तरापासून तो कुणी वाचत नाही.

या कामाचा आणखी एक फायदा आहे. पहिल्या पानावर दोन-तीन शेरे मनापासून मान्य केलेले आणि पूर्ण केलेले दिसले, तर पुढे आलेला नकार हट्ट वाटत नाही. रिव्ह्यूअरचा क्रम आपल्याला बदलता येत नाही, पण एडिटरला लिहिलेल्या सुरुवातीच्या अर्ध्या पानात मोठे बदल आधी आणि मतभेद नंतर सांगता येतात.

आता चुकलेला शेरा

दुसऱ्या रिव्ह्यूअरचा शेरा २.३ असा आहे: 'हा अभ्यास अंडरपॉवर्ड दिसतो. लेखकांनी मिळालेल्या निकालावरून पोस्ट-हॉक पॉवर काढून द्यावी. ती ८० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर दोन्ही पद्धती सारख्याच परिणामकारक आहेत असं म्हणता येणार नाही.'

उत्तर लिहिण्याआधी या शेऱ्याचे दोन भाग करायचे: रिव्ह्यूअरला काळजी कशाची आहे, आणि त्याने त्यावर उपाय काय सांगितला आहे. काळजी ही, की छोट्या अभ्यासात फरक दिसला नाही म्हणून फरक नाहीच असं म्हणणं धोक्याचं आहे. ती रास्त आहे. उपाय आहे पोस्ट-हॉक पॉवरचा, आणि तो चुकीचा आहे. बहुतेक चुकलेले शेरे असेच असतात. उत्तरात काळजी स्वीकारायची, उपाय नाकारायचा, आणि ती काळजी खरोखर मिटवणारं काहीतरी मॅन्युस्क्रिप्टमध्ये घालायचं.

उपाय चुकीचा का, ते आधी स्वतःला नीट कळलेलं हवं. पोस्ट-हॉक पॉवर काढताना अभ्यासात दिसलेला फरक हाच खरा फरक आहे असं धरतात. तसं धरलं की निघणारी पॉवर पूर्णपणे पी-व्हॅल्यूवरून ठरते; नवी माहिती काहीच मिळत नाही. पी-व्हॅल्यू बरोबर ०.०५ असेल तर ही पॉवर ५० टक्क्यांच्या आसपास येते, आणि पी-व्हॅल्यू वाढत जाईल तशी घसरते. आपल्या ०.६४ साठी ती सुमारे ८ टक्के येईल. म्हणजे फरक न सापडलेला कुठलाही अभ्यास, मग तो कितीही मोठा असो, रिव्ह्यूअरची ८० टक्क्यांची अट पूर्ण करूच शकणार नाही. हा मुद्दा होनिग आणि हाइसी यांनी २००१ साली 'द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन'मध्ये सविस्तर मांडला आहे. ट्रायल कशा लिहाव्यात याचे जे कॉन्सॉर्ट नियम आहेत, त्यांच्या २०१० च्या स्पष्टीकरणातही ट्रायलच्या निकालावरून मागाहून पॉवर काढण्यात फारसा अर्थ नाही आणि ते काम कॉन्फिडन्स इंटरव्हल करतो, असंच म्हटलं आहे. एडिटरसाठी हा दुसरा आधार जास्त उपयोगाचा, कारण वैद्यकीय जर्नल्स लेखकांना सहसा तेच नियम पाळायला सांगतात.

याशिवाय आपल्याकडे आधी केलेला हिशेब हवा. ट्रायल सुरू करताना ०.६ ग्रॅमचा फरक वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा धरला, स्टँडर्ड डेव्हिएशन १.१, पॉवर ८० टक्के, अल्फा ०.०५, गटात ५३ जणी लागत होत्या. दहा टक्के गळती धरून ६० घेतल्या. हे सगळं ट्रायल सुरू होण्यापूर्वी सीटीआरआयवर, म्हणजे भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीवर, नोंदवलेलं होतं. शेवटी ५४ आणि ५५ जणी मिळाल्या, म्हणजे ठरवलेली संख्या गाठली गेली.

आता उत्तर. पत्र जर्नलच्या भाषेत, बहुधा इंग्रजीत जाईल. मजकुराचा क्रम कळावा म्हणून इथे मराठीत देतो.

> उत्तर २.३: फरक न आढळल्यावर 'सारख्याच परिणामकारक' असं म्हणणं योग्य नाही, हा रिव्ह्यूअरचा मुद्दा आम्हाला मान्य आहे. ते विधान आम्ही ॲबस्ट्रॅक्ट आणि निष्कर्ष या दोन्ही ठिकाणांहून काढलं आहे.
>
> पोस्ट-हॉक पॉवर मात्र आम्ही दिलेली नाही. दिसलेल्या फरकावरून काढलेली पॉवर पी-व्हॅल्यूवरूनच ठरते, त्यामुळे फरक न आढळलेल्या प्रत्येक अभ्यासात ती कमीच येते आणि अभ्यास पुरेसा मोठा होता का हे त्यातून कळत नाही (होनिग व हाइसी, २००१). कॉन्सॉर्टचं स्पष्टीकरणही अशा वेळी कॉन्फिडन्स इंटरव्हलकडे पाहायला सांगतं.
>
> रिव्ह्यूअरच्या मूळ शंकेसाठी आम्ही दोन गोष्टी जोडल्या आहेत. ट्रायलपूर्वी नोंदवलेला सॅम्पल साइजचा हिशेब आता मेथड्समध्ये पूर्ण दिला आहे. डिस्कशनमध्ये इंटरव्हलचा अर्थ स्पष्ट केला आहे: 'इंटरव्हलची वरची मर्यादा ०.५२ आहे. त्यामुळे आम्ही महत्त्वाचा मानलेला ०.६ ग्रॅमचा फरक या निरीक्षणांशी जुळत नाही. त्याहून लहान फरक असण्याची शक्यता मात्र नाकारता येत नाही. हा अभ्यास समतुल्यता सिद्ध करण्यासाठी आखलेला नव्हता.' (पान ११, ओळी २४८–२५३)

यातला क्रम मुद्दाम तसा आहे. पहिल्या परिच्छेदात रिव्ह्यूअरला खरोखर काहीतरी मिळतं, नुसता मान नाही. एक विधान मागे घेतलं जातं. नकार दुसऱ्या परिच्छेदाच्या पहिल्याच वाक्यात, सरळ शब्दांत आहे. 'ते फारसं उपयुक्त ठरणार नाही असं आम्हाला नम्रपणे वाटतं' अशी गुळमुळीत वाक्यं लिहिली की एडिटरला वाटतं, लेखक अजून वळवता येतील, आणि शेरा दुसऱ्या फेरीत परत येतो. कारण दोन वाक्यांत आटोपलं आहे. मतभेदाचं उत्तर दीड पान झालं, की वाचणाऱ्याला त्यात खात्रीऐवजी अस्वस्थता दिसते.

आणखी एक बघा. 'रिव्ह्यूअर चुकले आहेत', 'रिव्ह्यूअरच्या लक्षात आलेलं नाही' असा कर्ता कुठल्याच वाक्यात नाही. वाक्यांचा कर्ता 'पॉवर' आहे, 'इंटरव्हल' आहे, 'आम्ही' आहे. चूक पद्धतीची दाखवायची, माणसाची नाही. पत्र पूर्ण झाल्यावर 'रिव्ह्यूअर' या शब्दावर फाइंड करून बघा; तो ज्या वाक्याचा कर्ता असेल, तिथे पुढे कौतुक किंवा सूचना असेल तर ठीक, नाहीतर वाक्य फिरवा.

तुमची बाजू खरंच भक्कम आहे का?

वरचं उत्तर चालतं ते आकडे साथ देतात म्हणून. समजा, फरक ०.३० आणि इंटरव्हल −०.३ ते ०.९ असता. मग ०.६ आत आलं असतं. पोस्ट-हॉक पॉवर तेव्हाही निरर्थकच. पण रिव्ह्यूअरचा मुख्य आक्षेप, अभ्यासातून ठाम काही निघत नाही हा, पूर्ण खरा ठरला असता. तिथे तांत्रिक मुद्द्यावर जिंकून निष्कर्ष तसाच ठेवणं म्हणजे एडिटरला फसवणं. निष्कर्षात 'महत्त्वाचा फरक असण्याची शक्यता कायम आहे' असं लिहावंच लागलं असतं.

सॅम्पल साइजचा हिशेब आधी केलेलाच नसेल, तर आता मागाहून बसवू नका. रजिस्ट्रीतली नोंद आणि तिच्यातल्या दुरुस्त्या कुणालाही बघता येतात. अशा वेळी 'उपलब्ध मुदतीत जितक्या मुली मिळाल्या तितक्या घेतल्या' हे सरळ लिहा आणि बोलणं इंटरव्हलवर ठेवा. प्रबंधावरून पेपर लिहिताना हा प्रसंग हमखास येतो. प्रबंधात एका सूत्राने काढलेला आकडा असतो, पण तो या मुख्य निष्कर्षासाठी नसतोच.

संख्याशास्त्राच्या मुद्द्यावर नकार द्यायचा असेल, तर उत्तर पाठवण्यापूर्वी ते एखाद्या संख्याशास्त्रज्ञाला वाचायला द्या. कॉलेजच्या पीएसएम विभागात बहुधा कुणीतरी सापडतं. गाइड सरांनी किंवा मॅडमनी 'देऊन टाका ना पॉवर, कशाला वाद' असं म्हटलं, तर त्यांना ८ टक्क्यांचा आकडा दाखवा. तो एकदा छापला की पुढचा प्रत्येक वाचक अभ्यास निकामी समजेल.

याच जातीचा दुसरा शेरा म्हणजे 'तक्ता १ मध्ये दोन गटांच्या सुरुवातीच्या वैशिष्ट्यांसाठी पी-व्हॅल्यू द्या'. गट रँडमायझेशनने पाडले असतील आणि ते नीट झालं असेल, तर सुरुवातीचे फरक योगायोगानेच आलेले असतात, त्यामुळे ती चाचणी काही सांगत नाही. कॉन्सॉर्टही ती टाळायला सांगतं. काळजी ही, की गट तुल्य होते का. म्हणून पी-व्हॅल्यू न देता सुरुवातीचं हिमोग्लोबिन ॲडजस्ट करून काढलेला फरक द्या. इथे एक व्यवहाराची गोष्ट: एखाद्या जर्नलच्या लेखकांसाठीच्या सूचनांत त्या पी-व्हॅल्यू मागितलेल्याच असतील, तर या मुद्द्यावर भांडू नका. त्याने निष्कर्षाला धक्का लागत नाही. ताकद २.३ साठी राखून ठेवा.

लिहिलेलं असूनही न दिसलेलं

'गोळ्या नियमित घेतल्या का, हे लेखकांनी तपासलेलंच नाही,' असा शेरा येतो, आणि मेथड्सच्या चौथ्या परिच्छेदात उरलेल्या गोळ्या मोजल्याचं स्वच्छ लिहिलेलं असतं. 'हे आधीच पान ६ वर नमूद आहे' असं उत्तर टाइप करायला हात शिवशिवतात. ते लिहू नका. विषयातल्या माणसाला जे दिसलं नाही, ते इतर वाचकांनाही दिसणार नाही. माहिती जिथे शोधली जाईल तिथे हलवा: त्यासाठी उपशीर्षक द्या, गोळ्यांचा आकडा रिझल्ट्सच्या पहिल्या परिच्छेदात आणा. उत्तरात एवढंच: 'ही माहिती मेथड्समध्ये इतर तपशिलांत मिसळली होती, आता ती वेगळ्या उपशीर्षकाखाली दिली आहे आणि निकाल तक्ता २ मध्ये जोडला आहे.' यात खोटं काही नाही, आणि कुणाला खजीलही व्हावं लागत नाही.

दोन रिव्ह्यूअर एकमेकांविरुद्ध बोलले, तर मधला मार्ग गुपचूप काढू नका. पहिला म्हणतो डिस्कशन कमी करा. दुसरा म्हणतो एक दिवसाआडच्या मात्रेमागचं हेपसिडिनचं कारण विस्ताराने लिहा. लोहाची मात्रा घेतल्यावर हेपसिडिन वाढतं आणि पुढच्या मात्रेचं शोषण काही काळ कमी होतं, हे दिवसाआडच्या पद्धतीमागचं तत्त्व; पेपरमध्ये ते चार वाक्यांत यायलाच हवं. ती चार वाक्यं घाला, बाकीचं डिस्कशन छाटा, आणि दोन्ही उत्तरांत एकमेकांच्या क्रमांकाचा उल्लेख करा. एडिटरच्या पत्रातही एक ओळ लिहा, म्हणजे निवाडा त्याच्या हातात राहतो.

रिव्ह्यूअरने एकाच लेखकाचे चार पेपर उद्धृत करायला सांगितले, तर चारही वाचा. एखादा खरंच लागू असेल तो घ्या आणि उरलेल्यांसाठी 'त्यांचा विषय गर्भवतींपुरता मर्यादित असल्याने इथे घेतलेले नाहीत' असं खरं कारण द्या. कुणाचे पेपर आहेत यावर रिव्ह्यूअरला दिसणाऱ्या उत्तरात एक अक्षरही नको. फारच उघड असेल, तर ते फक्त एडिटरला जाणाऱ्या पत्रात कळवा.

पाठवण्यापूर्वी

जर्नल डबल-ब्लाइंड असेल, तर उत्तराच्या फाइलमध्ये कॉलेजचं नाव, एथिक्स कमिटीचं नाव किंवा 'आमच्या आधीच्या पेपरमध्ये' असं काही राहिलेलं नाही ना ते बघा. ट्रॅक चेंजेसच्या प्रत्येक फुग्यावर दुरुस्ती करणाऱ्याचं नाव असतं. वर्डच्या डॉक्युमेंट इन्स्पेक्टरने ते काढता येतं. सर्व सहलेखकांची संमती ईमेलवर लेखी घ्या, विशेषतः निष्कर्षाचं वाक्य बदललेलं असताना. मुदत पुरणार नसेल, तर ती संपण्याच्या आठवडाभर आधी एडिटरला कारणासह दोन ओळी लिहा. तेवढी मुदतवाढ सहसा मिळते.

दुसऱ्या फेरीत दुसरा रिव्ह्यूअर पुन्हा पोस्ट-हॉक पॉवरच मागेल, असंही होतं. तेव्हा पहिलं उत्तर जोरात पुन्हा सांगून उपयोग नसतो. नव्याने काही मांडता येत असेल तर तेवढंच मांडा. मग एडिटरला वेगळं, थोडक्यात लिहा: या मुद्द्यावर आमचं आणि रिव्ह्यूअरचं एकमत झालेलं नाही, दोन्ही बाजू वर आहेत, जर्नलच्या संख्याशास्त्र सल्लागाराचं मत घेता आलं तर ते आम्हाला मान्य असेल. सल्लागाराने मागितलीच, तर पॉवरचा आकडा पुरवणीत द्या आणि त्याच्याशेजारी तो कसा वाचू नये हे सांगणारं एक वाक्य छापून घ्या.